तीन तक्रारी आणि एक ई-मेल

आजारी माणसाचा विमा असतो हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. पण त्याला तपासणाऱ्या डॉक्टरचाही एक विमा असतो, याची कल्पना फार थोड्या कुटुंबांना असते. उपचारात हयगय झाली असा आरोप रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केला आणि न्यायालयाने अथवा ग्राहक आयोगाने भरपाई द्यायला सांगितली, तर ती भरपाई आणि वकिलाचा खर्च त्या विम्यातून दिला जातो. कागदोपत्री त्याला वैद्यकीय व्यावसायिक दायित्व विमा म्हणतात. आम्ही डॉक्टर मंडळी आपसांत त्याला नुसते ‘इन्डेम्निटी’ म्हणतो. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव येथे माझा लहानसा दवाखाना आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी एका विमा कंपनीला या विम्याचे दरपत्रक मागणारा ई-मेल लिहिला. दीड पानांचा तो मजकूर पुरा करायला मला चार संध्याकाळी लागल्या, कारण त्यात आजवर माझ्याविरुद्ध झालेल्या तक्रारी मांडायच्या होत्या.

त्या तिन्ही तक्रारी वयोवृद्ध रुग्णांविषयीच्या होत्या आणि तिन्ही त्यांची काळजी वाहणाऱ्या मुलाबाळांनी केल्या होत्या. म्हणून हा विषय या पाक्षिकाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला. डॉक्टर विमा कंपनीला काय सांगतो, का सांगतो आणि ते सांगताना कोणते कागद उपयोगी पडतात, हे कळले तर रुग्णाच्या घरच्यांनाही त्याचा उपयोग होईल.

जुनी पॉलिसी का पुरेना

माझी पहिली पॉलिसी २०१४ सालची. ती माझ्या एकट्याच्या नावाची होती. म्हणजे मी स्वतः केलेल्या उपचारांपुरती. त्या वेळी दवाखाना म्हणजे एक तपासणीची खोली, एक औषधांचे कपाट आणि बाहेर बाकडे एवढाच पसारा होता. पुढे सलाईन लावून दोन-चार तास थांबवावे लागणाऱ्या रुग्णांसाठी चार खाटा आल्या, परिचारिका आली, आणि आता गुडघे-कंबरेच्या रुग्णांसाठी आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट येतात. आमच्या भागातले तरुण कामासाठी पुण्याकडे जातात, अनेक कुटुंबे ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असतात, आणि गावात मागे राहतात ते आजी-आजोबा. त्यामुळे माझ्या रुग्णांतही त्यांचीच संख्या मोठी आहे.

डॉक्टरच्या व्यक्तिगत पॉलिसीत आणि संस्थेच्या पॉलिसीत फरक असतो. परिचारिकेच्या हातून सुई देताना काही झाले, किंवा फिजिओथेरपिस्टने व्यायाम देताना इजा झाल्याचा आरोप झाला, तर रुग्ण दावा लावतो तो दवाखान्यावर. दवाखान्याच्या नावाची पॉलिसी नसेल तर ती जबाबदारी उघडी राहते. म्हणून या खेपेस मला वैद्यकीय आस्थापनेसाठी असलेली पॉलिसी हवी होती. तिचा हप्ता ठरवताना कंपनी खाटा किती, रोजचे बाह्यरुग्ण किती, शस्त्रक्रिया होतात का, कर्मचारी कोण आणि त्यांची शैक्षणिक पात्रता व नोंदणी काय, हे विचारते. पात्रता नसलेला माणूस सुई देत असेल आणि ते अर्जात लपवले असेल, तर त्याच्या हातून घडलेल्या घटनेचा दावा नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते.

हे सारे लिहिणे सोपे होते. अवघड होता तो पुढचा प्रश्न. जवळजवळ प्रत्येक प्रस्ताव अर्जात तो कोणत्या ना कोणत्या शब्दांत असतोच: आपल्याविरुद्ध यापूर्वी दावा किंवा तक्रार झाली आहे काय? आणि ज्यातून पुढे दावा उभा राहू शकेल अशी कोणतीही घटना आपणांस ठाऊक आहे काय?

“केस कुठे झाली आहे?”

माझ्या ओळखीच्या एका विमा प्रतिनिधीने मला सरळ सल्ला दिला. “डॉक्टरसाहेब, कोर्टात केस उभी राहिली आहे का? नाही ना? मग ‘नाही’ लिहा आणि मोकळे व्हा. उगाच हप्ता कशाला वाढवून घेता?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु अर्जातला प्रश्न खटल्यापुरता नव्हता. तक्रार आणि घटना हे दोन शब्द त्यात स्पष्ट होते.

विम्याचा करार इतर व्यवहारांहून वेगळा असतो. घर विकत घेणारा भिंतीवर हात फिरवून ओल आहे की नाही ते पाहू शकतो. विमा कंपनीला मात्र माझ्या दवाखान्यात गेल्या दहा वर्षांत काय घडले ते पाहता येत नाही. ते फक्त मला माहीत असते. म्हणून कायदा विमा उतरवणाऱ्याकडून पराकोटीच्या सद्भावाची अपेक्षा करतो. जी माहिती जोखीम स्वीकारावी की नाही आणि कोणत्या हप्त्याने स्वीकारावी या निर्णयावर परिणाम करू शकते, ती महत्त्वाची माहिती. आणि ती न विचारता नाही, तर निदान विचारल्यावर तरी खरी सांगणे बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सतवंत कौर संधू यांच्या प्रकरणात हेच तत्त्व लावले. ते प्रकरण डॉक्टरचे नव्हते, आरोग्य विम्याचे होते: प्रस्तावात जुना आजार सांगितला नव्हता, आणि दावा नाकारणे न्यायालयाने योग्य ठरवले.

‘नाही’ लिहिण्याचा धोका कुठे असतो, तेही पाहू. समजा मी ‘नाही’ लिहिले, पॉलिसी मिळाली, आणि तीन वर्षांनी अगदी वेगळ्याच रुग्णाचा दावा आला. कंपनी चौकशी करते तेव्हा जुनी फाईल, जुनी नोटीस, वकिलाला दिलेले उत्तर हे सारे समोर येते. मग प्रश्न एका जुन्या तक्रारीपुरता राहत नाही. ज्या अर्जाच्या पायावर करार उभा होता तो अर्जच खोटा ठरतो. वर्षानुवर्षे हप्ते भरून, ज्या दिवशी गरज पडली त्याच दिवशी हात रिकामे. आणि यात नुकसान एकट्या डॉक्टरचे नसते. ज्या कुटुंबाला खरोखर भरपाई मिळायला हवी, त्यालाही ती एका लहान गावच्या डॉक्टरच्या घरातून वसूल करण्यासाठी खेटे घालावे लागतात.

तीन तक्रारी कशा लिहिल्या

ई-मेल इंग्रजीत होता. त्यातील तक्रारींच्या भागाचा आशय मराठीत देतो. रुग्णांची नावे, गावे मी लिहिली नाहीत. दरपत्रक मागताना रुग्णाची ओळख उघड करण्याचे कारण नसते. वय, स्त्री की पुरुष, घटना आणि तारखा एवढे पुरते. येथे तर मी तपशील आणखी कमी केले आहेत.

पहिली तक्रार, २०१७. स्त्री, वय ७१, मधुमेह. गुडघेदुखीसाठी कमरेखाली स्नायूत वेदनाशामक इंजेक्शन. आठव्या दिवशी त्या जागी गळू. जालना येथे शल्यचिकित्सकाकडून निचरा. जखम पाच आठवड्यांत भरली. मुलाची लेखी तक्रार: सुई स्वच्छ नव्हती. भेट घेऊन कागदपत्रांच्या प्रती दिल्या. पैशांची मागणी नाही, नोटीस नाही. प्रकरण तेथेच थांबले.

दुसरी तक्रार, २०२१. पुरुष, वय ७६. जुलाबामुळे अशक्तपणा, सलाईन. सलाईन संपल्यावर रुग्ण शौचालयाकडे जाण्यास उठला असता भोवळ येऊन पडला. मनगटाचे हाड मोडले. मुलीची तक्रार: जवळ कोणी नव्हते. प्लास्टरच्या खर्चाची मागणी. तत्कालीन विमा कंपनीस आठवड्याच्या आत कळवले. कुटुंबाने पुढे मागणी लेखी मागे घेतली.

तिसरी तक्रार, २०२३. पुरुष, वय ६८. सायंकाळी पोटाच्या वरच्या भागात जळजळ. ईसीजी काढला, त्यात निश्चित निदान होईल असा बदल नव्हता. पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन तपासणीसाठी त्याच रात्री जालना येथे जाण्याचा सल्ला चिठ्ठीवर लिहून दिला. रुग्ण घरी गेला. पहाटे छातीत दुखू लागले; रुग्णालयाच्या वाटेवर मृत्यू. तीन महिन्यांनी मुलाच्या वतीने वकिलाची नोटीस: धोका पुरेसा समजावून सांगितला नाही, १२ लाख रुपयांची मागणी. विमा कंपनीस कळवून वकिलामार्फत उत्तर. आजतागायत ग्राहक आयोगात तक्रार दाखल नाही.

ही टिपणे कोरडी वाटतील. ती तशीच असायला हवी असतात. पहिल्या संध्याकाळी लिहिलेल्या मसुद्यात मी प्रत्येक तक्रारीखाली ती कशी निराधार आहे याचे एक-एक पान लिहिले होते. माझ्या वकिलांनी ते सारे काढायला लावले. त्यांचे म्हणणे असे की, हा मजकूर निकालपत्र नाही. विमा कंपनीला दोष कोणाचा हे तुमच्याकडून ठरवून नको आहे. काय घडले, तक्रार काय आली, मागणी किती, आज स्थिती काय, एवढे हवे आहे. त्याचप्रमाणे घटना कळवणे म्हणजे दोष कबूल करणेही नव्हे. या पॉलिसींत कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही आणि पैसे देऊ करायचे नाहीत, अशी अट असते. म्हणूनच २०२१ मध्ये प्लास्टरचा खर्च मी त्या मुलीच्या हाती लगेच ठेवला नव्हता; आधी कंपनीस कळवले होते. तेव्हा तिला ती टाळाटाळ वाटली. अट समजावून सांगितल्यावर तिचा राग निवळला.

वकिलाची नोटीस आणि दोन वर्षे

तिसऱ्या तक्रारीविषयी प्रतिनिधीने आणखी एक मुद्दा काढला होता: “दोन वर्षे उलटली, आता काय होणार?” ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची असते, हे खरे. परंतु त्याच कायद्यात सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. म्हणजे दार लोटलेले असते, कुलूप लागलेले नसते. शिवाय अर्जात विचारलेले असते ते ‘ठाऊक असलेली घटना’. ‘मुदतीतली घटना’ नव्हे. म्हणून ती लिहिलीच पाहिजे.

अशा प्रकरणांचे आयुष्य किती लांब असू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुढे त्याला पुण्यास शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात नेले आणि तेथे त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. वडील डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले स्वतः डॉक्टर होते. भूल न देता बळ लावून हाड बसवल्याने मुलगा धक्क्याने दगावला, असा त्यांचा दावा होता. न्यायालयांनी तो मान्य केला आणि भरपाई ठरली ३,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला १९६८ मध्ये. म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्या निकालात सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यावा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक देणे. वैद्यकीय हयगयीच्या निकालांत आजही त्या प्रकरणाचा उल्लेख होतो. पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असे ठरवले, आणि कुटुंबांसाठी दिवाणी न्यायालयापेक्षा सोपा मार्ग खुला झाला.

पंधरा वर्षे हा आकडा मी ई-मेल लिहिताना सतत डोळ्यांपुढे ठेवला, कारण या विम्यातली सर्वांत अवघड गोष्ट काळाशीच निगडित आहे. मोटारीच्या विम्यात अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी पॉलिसी चालू असली की झाले. डॉक्टरच्या विम्यात दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि उपचाराची तारीख पॉलिसीत लिहिलेल्या ‘पूर्वलक्षी तारखे’नंतरची असावी लागते. माझेच उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये मी केलेल्या उपचाराबद्दल जून २०२६ मध्ये दावा आला, तर तो २०२६ साली चालू असलेल्या पॉलिसीवर येईल. पण नव्या कंपनीने पूर्वलक्षी तारीख ऑगस्ट २०२५ अशी टाकली असेल, तर मार्च २०२४ चा उपचार तिच्या आधीचा ठरेल. आणि जुनी पॉलिसी तर संपलेली. दोन्हींच्या मध्ये मी उघड्यावर. म्हणून ई-मेलमध्ये मी ठळकपणे लिहिले की, पूर्वलक्षी तारीख पहिल्या पॉलिसीची, म्हणजे २०१४ ची, कायम ठेवावी; आणि खंड न पडल्याचा पुरावा म्हणून सर्व वर्षांच्या पॉलिसींची पहिली पाने जोडली.

मग तिसऱ्या तक्रारीचे काय? ती नवी कंपनी घेणार नाही, हे मला माहीत होते. आधीच ठाऊक असलेली आग कोणी विमा उतरवून विकत घेत नाही. परंतु अशा पॉलिसींत सामान्यतः एक तरतूद असते: पॉलिसी चालू असताना विमाधारकाने विशिष्ट घटना लेखी कळवली आणि तिच्यातून दावा उद्भवू शकतो हे कंपनीने स्वीकारले, तर दावा पुढे कधीही आला तरी तो त्या काळातलाच समजला जातो. २०२३ मध्ये नोटीस येताच मी तत्कालीन कंपनीस कळवले होते आणि तिची लेखी पोच माझ्याकडे होती. त्यामुळे ते प्रकरण जुन्या कंपनीकडे राहिले. ती पोच नसती, तर ते प्रकरण ना जुन्यात, ना नव्यात, अशा अवस्थेत लोंबकळले असते.

किती रकमेचा विमा?

रक्कम मागतानाही एक बारकावा असतो. पॉलिसीत दोन मर्यादा असतात: एका घटनेसाठी आणि साऱ्या वर्षासाठी. वर्षाची मर्यादा ५० लाख आणि प्रमाण एकास दोन असेल, तर एका घटनेसाठी फार तर २५ लाख मिळतात. बहुतेक पॉलिसींत वकिलाचा खर्चही याच मर्यादेत धरतात. म्हणजे भरपाई २२ लाख ठरली आणि खटल्याचा खर्च ४ लाख झाला, तर बेरीज होते २६. वरचा १ लाख आणि पॉलिसीत ठरलेला स्वतःचा सुरुवातीचा वाटा डॉक्टरने भरायचा. म्हणून मी एकास एक आणि एकास दोन, अशा दोन्ही प्रमाणांचे दर मागितले.

या विम्याने काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे, कारण “डॉक्टरने विमा काढला आहे, आता त्याला कसली भीती,” असे म्हटले जाते. नशेत केलेला उपचार, परवान्याबाहेरचा उपचार, जाणूनबुजून केलेला अपराध, दंड आणि शिक्षा यांना हा विमा लागू पडत नाही. फौजदारी गुन्हा वेगळाच असतो. त्यासाठी हयगय घोर स्वरूपाची असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आठ दिवसांनी कंपनीचे उत्तर आले. तिने तिसऱ्या तक्रारीची नोटीस, आमचे उत्तर आणि जुन्या कंपनीची पोच मागवली. शिवाय सही-शिक्क्याचा प्रस्ताव अर्ज मागवला, कारण ई-मेलने दरपत्रक मागता येते, पण करार उभा राहतो तो अर्जावर. अर्जातल्या उत्तरांपुढे मी “सोबतच्या ई-मेलमध्ये पाहावे” असे न लिहिता तिन्ही तक्रारी पुन्हा लिहिल्या. शेवटी दर आला तो जुन्या हप्त्याच्या जवळजवळ दीडपट. त्यात खाटांचा आणि कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा होता. तक्रारींमुळे वाढलेला भाग वेगळा दाखवला होता आणि तो माझ्या धास्तीपेक्षा कमी होता. पहिल्या दोन तक्रारींवर कंपनीने काही अट घातली नाही. २०२३ चे प्रकरण नावानिशी वगळले. पूर्वलक्षी तारीख २०१४ ची ठेवली. दुसऱ्या एका कंपनीने तीच माहिती वाचून दर देण्यास नकार दिला. खरे सांगण्याची किंमत असते, ती अशी; पण ती आधी कळते आणि आकड्यात मोजता येते.

घरच्यांसाठी

तक्रारींच्या तीन फायली शेजारी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट मला दिसली. पहिला मुलगा पुण्याहून आला होता, मुलगी छत्रपती संभाजीनगरहून, आणि नोटीस पाठवणारा मुलगा मुंबईहून. तिघांपैकी कोणीही उपचाराच्या वेळी समोर नव्हते. त्यांना जे कळले ते फोनवरून, आजारी किंवा घाबरलेल्या माणसाच्या तोंडून. “जालन्याला जा म्हणाले होते” आणि “आज रात्रीच जा म्हणाले होते” यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. पण फोनवर ते एकच वाक्य होऊन जाते. म्हणून वृद्ध आई-वडिलांपासून दूर राहणाऱ्यांनी उपचाराच्या दिवशीच चिठ्ठीचा फोटो मागवावा, आणि ‘कधीपर्यंत’ व ‘काय झाले तर लगेच’ हे दोन प्रश्न डॉक्टरला फोन करून विचारावेत. आमच्या दवाखान्यात आता दुसरीकडे पाठवताना चिठ्ठीवर वेळ लिहितो आणि घरच्या एका माणसाला फोन करून त्याचे नाव व वेळ फायलीत नोंदवतो.

शंका आली तर कागद मागण्यास संकोचू नये. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने नोंदी मागितल्यास ७२ तासांत देणे, आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरचे कर्तव्य आहे. मागणी लेखी करावी, तारीख टाकावी आणि पोच घ्यावी. पहिल्या प्रकरणात कागदांनीच वाद मिटवला: वापरून टाकायच्या सिरिंजची नोंद, इंजेक्शनचा बॅच क्रमांक आणि त्या दिवशीची साखर २८०, हे तिन्ही मुलाने स्वतः वाचले. मधुमेहात साखर वाढलेली असताना सुईच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचा धोका अधिक असतो, हे शल्यचिकित्सकाने त्याला सांगितलेले होतेच.

आणि जो प्रश्न मला विचारला गेला, तोच आरोग्य विमा घेताना आपल्यालाही विचारला जातो: पूर्वीचा आजार आहे काय? रक्तदाबाची एकच गोळी चालू आहे म्हणून प्रतिनिधी ‘नाही’ लिहितो आणि आपण सही करतो. आज नियम असा आहे की, पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. आणि विमा सलग ६० महिने चालू राहिला, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडता, माहिती लपवली या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. म्हणजे गोळी सांगितली तर फार तर तीन वर्षे थांबावे लागेल. लपवली तर पाच वर्षे दर आजारपणात धाकधूक राहील. अर्ज दुसऱ्याने भरला तरी सही आपली असते. म्हणून सही करण्यापूर्वी आजारांचे पान मोठ्याने वाचून घ्यावे, भरलेल्या अर्जाची प्रत ठेवावी, आणि पॉलिसी हाती आल्यावर तिच्यात तेच लिहिले आहे ना, हे ताडून पाहावे. नव्या आरोग्य पॉलिसीसाठी ३० दिवसांचा पडताळणीचा काळ मिळतो. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास तो पुरेसा आहे.

माझी नवी पॉलिसी सप्टेंबरमध्ये आली. तिच्या परिशिष्टात २०२३ च्या प्रकरणाची एक ओळ आहे: हे वगळले. तिच्याखाली परिचारिकेचा नोंदणी क्रमांक, चार खाटा आणि पूर्वलक्षी तारीख आहे. पॉलिसी, पाठवलेला ई-मेल, अर्जाची प्रत आणि जुन्या कंपनीची पोच ही चारही कागदपत्रे मी एकाच फायलीत ठेवली आहेत, आणि ती फाईल कुठे आहे हे घरी व दवाखान्यात दोघांना सांगून ठेवले आहे.